जुन्या वृत्तपत्रांत शोध: शब्दाने की तारखेने?

गोव्यातील गावाचा इतिहास लिहिताना पोर्तुगीज वृत्तपत्रांच्या संगणकीकृत संग्रहात शोध शब्दाने घ्यावा की तारखेने, हे हातात कोणता धागा आहे त्यावर ठरते.

म्हापशातील जुन्या नाट्यप्रयोगांची नेमकी तारीख आपल्याला ठाऊक नसते, त्यामुळे तिथे शब्दशोधच घ्यावा लागतो. परंतु पोर्तुगीज शुद्धलेखन १९११ मध्ये बदलले आणि `theatro` चे `teatro` झाले. म्हणून दोन्ही रूपे स्वतंत्रपणे शोधावी लागतात, शिवाय `Mapuçá` आणि `Mapuca` हीही. शब्दशोध पानाच्या चित्रावरून यंत्राने वाचलेल्या मजकुरात होतो; पुसट छपाईत यंत्र अक्षर चुकीचे वाचते, ओळीच्या शेवटी शब्द तुटतो, आणि बातमी छापलेली असूनही निकाल शून्य येतो. पानावर डोळ्यांनी दिसणारा शब्द मुद्दाम शोधून पाहावा. तो सापडला नाही, तर त्या अंकाच्या शून्य निकालावर विसंबू नये.

सप्टेंबर १८९५ मधील मराठा शिपायांच्या बंडासारख्या घटनेसाठी मात्र मी तारखेची गाळणीच निवडेन. मर्यादा त्याच महिन्याची न ठेवता डिसेंबरअखेरपर्यंत ठेवावी, कारण साप्ताहिकांत बातमी उशिरा येई आणि पडसाद पुढील अंकांतही उमटत. मग प्रत्येक अंक पानागणिक चाळावा; हे काम कष्टाचे असले तरी यंत्राने चुकवलेला मजकूर त्यातच हाती लागतो. येथेही एक धोका आहे: संपूर्ण वर्षाचा बांधीव खंड कधीकधी केवळ १ जानेवारीच्या नावे नोंदलेला असतो आणि सप्टेंबरच्या गाळणीत तो दिसतच नाही, म्हणून १८९५ हे पूर्ण वर्ष एकदा तपासावे.