वेल्डची शेड की बोल्टची? मालकाच्या डोळ्यांना काय तपासता येते, यावरून केलेली तुलना

लहान कारखाना किंवा गोदाम उभारू पाहणाऱ्या माणसापुढे बहुधा दोन कोटेशने येतात. उदाहरणादाखल ४० फूट रुंद आणि ८० फूट लांब, म्हणजे अंदाजे १२ मीटर बाय २४ मीटरची पत्र्याची शेड घेऊ. पहिला फॅब्रिकेटर पाइप आणून जागेवरच ट्रस जोडणार आणि सर्व सांधे वेल्ड करणार. दुसरा खांब आणि राफ्टर आपल्या वर्कशॉपमध्ये तयार करून त्यांच्या टोकांना जाड प्लेट वेल्ड करून आणणार आणि जागेवर फक्त बोल्ट आवळणार. दुसऱ्याचा दर सहसा जास्त असतो. शास्त्रोक्त आरेखनाप्रमाणे केल्यास दोन्ही पद्धती भक्कमच असतात, त्यामुळे येथे प्रश्न ताकदीचा नाही. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी, अभियंता नसलेल्या पण काळजीपूर्वक पाहणाऱ्या मालकाला आपल्याला नेमके काय मिळाले हे कोणत्या शेडमध्ये अधिक खात्रीने तपासता येईल, एवढ्याच कसोटीवर ही तुलना केली आहे.

आधी वेल्डकडे पाहू. शेडमधील बहुतेक वेल्ड फिलेट प्रकारचे असतात. म्हणजे दोन भाग एकमेकांना काटकोनात किंवा एकावर एक ठेवून, त्यांच्यामधल्या कोपऱ्यात धातू भरलेला असतो. त्याचे माप म्हणजे कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना पसरलेल्या पायाची लांबी. आरेखनात ६ मिमीचा फिलेट लिहिला असेल, तर दोन्ही पाय ६ मिमी हवेत. एक पाय ८ आणि दुसरा ४ असेल, तर तो वेल्ड ४ मिमीचाच धरावा लागतो. भार प्रत्यक्षात पेलतो तो कोपऱ्यापासून वेल्डच्या पृष्ठभागापर्यंतच्या सर्वांत आखूड जाडीवर, आणि ती पायाच्या सुमारे ०.७ पट असते. म्हणून ६ मिमीच्या जागी ४ मिमीचा वेल्ड पडला, तर ही जाडी ४.२ वरून २.८ मिमीवर येते आणि तेवढ्याच लांबीच्या वेल्डची ताकद एक तृतीयांशाने घटते. फुगीर वेल्ड डोळ्यांना भरघोस वाटतो. पण फुगवट्यामुळे पाय लांबत नाही. हे माप घेण्यासाठी वेल्ड गेज नावाचे साधे पत्र्याचे साधन मिळते, आणि ते वापरायला कोणतीही पदवी लागत नाही.

मापानंतर दोष पाहायचे. त्यासाठी आधी चिपिंग हातोडीने स्लॅग, म्हणजे वेल्डवर साचलेला कडक मळीचा थर, काढून, तारेच्या ब्रशने वेल्ड घासून घेतलेला असला पाहिजे. स्लॅगखालचा वेल्ड पाहणे म्हणजे न पाहणेच. वेल्डच्या कडेला मूळ लोखंडात खोदल्यासारखी चर दिसली, तर तो अंडरकट होय. स्थिर भाराच्या कामातही साधारण १ मिमीपेक्षा खोल अंडरकट स्वीकारत नाहीत. एखादे-दुसरे बारीक छिद्र फारसे चिंतेचे नसते, पण ओळीने छिद्रे दिसली तर रॉड ओलसर होता किंवा लोखंडावर गंज, तेल अथवा रंग होता असे समजावे. वेल्ड जिथे संपतो तिथल्या खळग्याकडे विशेष लक्ष द्यावे. कारागिराने रॉड झटकन उचलला की तो खळगा भरायचा राहतो, आणि थंड होताना त्यात चांदणीच्या आकाराची बारीक चीर पडते. चिरेला मात्र कोणतीही सवलत नाही. केसाएवढी चीरही नामंजूर करावी, आणि तिच्यावरून नुसता दुसरा थर ओढण्याऐवजी ती घासून पूर्ण काढल्यावरच पुन्हा वेल्ड करून घ्यावा.

येथपर्यंत डोळा आणि गेज पुरतात. पुढे मात्र वेल्डची खरी अडचण सुरू होते, कारण धातू मूळ लोखंडात वितळून एकजीव झाला की नुसता वर बसला, हे बाहेरून कळत नाही. लोखंडावर लोळलेल्या, काठ गोल राहिलेल्या वेल्डवरून शंका घेता येते; पण वरून सुबक दिसणारा वेल्डही आतून सुटलेला असू शकतो. जागेवर पाइप कापताना तोंड नीट जुळले नाही, तर फट राहते आणि घाईतला कारागीर त्या फटीत रॉडचे तुकडे किंवा सळईचा तुकडा घालून वरून वेल्ड ओढतो. एकदा वेल्ड पडला की हा प्रकार मालकाला दिसत नाही. त्यामुळे फटी पाहायच्या त्या टॅकिंग, म्हणजे तुकडे जागेवर धरण्यापुरते छोटे वेल्ड, झाल्यावर आणि पूर्ण वेल्ड होण्यापूर्वी. साधारण २ मिमीपेक्षा मोठी फट असेल, तर एकतर तुकडा नव्याने कापायला सांगावा, नाहीतर फटीएवढा वेल्डचा पाय वाढवून घ्यावा. आणि ५ मिमीच्या पुढची फट तर मान्यच करू नये. पृष्ठभागावरच्या चिरा शोधण्यासाठी डीपी टेस्ट करून घेता येते. त्यात लाल द्रव लावतात, तो मुरल्यावर पुसून घेतात आणि वरून पांढरी पावडर फवारतात. चीर असेल तिथे लाल रेघ उमटते. ही चाचणी स्वस्त आहे, पण तीही पृष्ठभागापलीकडे जात नाही.

आता आपल्या उदाहरणातली संख्या पाहा. १२ मीटर रुंदीच्या ट्रसला आठ पॅनल, म्हणजे आठ कप्पे, धरले, तर मधले उभे आणि तिरपे मिळून १३ भाग होतात आणि त्यांची २६ टोके. अशा ६ ट्रसमध्ये फक्त आतल्या भागांचीच १५६ टोके भरतात. प्रत्येक टोक पाइपच्या भोवती सगळीकडून वेल्ड झालेले हवे. ट्रस जमिनीवर आडवा असताना त्याची वरची बाजू दिसते, पण खालच्या बाजूचा वेल्ड उलटवल्याशिवाय होतही नाही आणि दिसतही नाही. उलटवण्याचे कष्ट टाळले गेले, तर ट्रस वर चढल्यावर जमिनीवरून पाहणाऱ्याला सर्व सांधे सारखेच दिसतात.

बोल्टच्या सांध्यात पाहण्यासारखे भाग वेगळे आणि मोजता येण्यासारखे असतात. खांब आणि राफ्टर जिथे मिळतात तो गुडघ्याचा सांधा घेऊ: समोरासमोर १६ मिमीच्या दोन प्लेट आणि ८ बोल्ट, प्रत्येक २० मिमी व्यासाचा. पहिली गोष्ट म्हणजे बोल्टचे डोके. त्यावर ८.८ असा ताकदीचा दर्जा सांगणारा ठसा हवा आणि शेजारी उत्पादकाची खूण हवी. ४.६ चा बोल्ट हुबेहूब तसाच दिसतो, पण त्याची तन्यशक्ती निम्मी असते, आणि बिलात ८.८ लिहून शेडमध्ये ४.६ बसवणे फार सोपे आहे. ठसा वाचणे हे या संपूर्ण तपासणीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचे काम आहे, असे माझे मत आहे. अट एवढीच की ते बोल्टवर रंग चढण्यापूर्वी करावे.

दुसरी गोष्ट म्हणजे भोक. २० मिमी बोल्टला २२ मिमीचे गोल भोक पुरते. जागेवर भोके जुळली नाहीत, की गॅस कटरने भोक वाढवण्याचा मोह होतो. असे भोक वेडेवाकडे, कडा वितळलेले आणि वायसरखालून डोकावणारे असते. भोकाच्या मध्यापासून प्लेटच्या काठापर्यंतचे अंतरही टेपने मोजता येते. पोलादी बांधकामाच्या आयएस ८०० या भारतीय मानकानुसार कातरलेल्या किंवा हाताने गॅसने कापलेल्या काठासाठी ते भोकाच्या व्यासाच्या किमान १.७ पट हवे, म्हणजे येथे सुमारे ३८ मिमी. मशीनने सरळ कापलेल्या काठाला १.५ पट, म्हणजे ३३ मिमी चालते. तिसरी गोष्ट म्हणजे नटाबाहेर किमान एक पूर्ण आटा दिसला पाहिजे. बोल्टचे टोक नटाच्या आत राहिले असेल, तर बोल्ट आखूड आहे. त्यावर चर्चा न करता तो बदलून घ्यावा.

चौथी गोष्ट दोन प्लेटमधल्या फटीची. वेल्डच्या उष्णतेने प्लेट किंचित वाकतात, म्हणून कडेला थोडी फट राहणे नेहमीचे आहे. पण हॅकसॉचे पाते आत सरकवले आणि ते बोल्टपर्यंत पोहोचले, तर तिथे प्लेट एकमेकींना भिडलेल्याच नाहीत आणि तो बोल्ट आवळलेला दिसूनही आपले काम करत नाही. अशा फटीत पत्र्याचे तुकडे ठोकलेले आढळले किंवा नट सुटू नये म्हणून तो बोल्टला वेल्ड केलेला आढळला, तर सांधा नामंजूर करावा. ८.८ चा बोल्ट उष्णता-प्रक्रियेने मजबूत केलेला असतो आणि वेल्डच्या तापाने ती मजबुती जाते.

बोल्टची दिसत नसणारी बाजू म्हणजे त्यातला ताण. साध्या सांध्याला एका माणसाने नेहमीच्या पान्याने पूर्ण जोर लावून आवळणे पुरते. घर्षणावर चालणाऱ्या सांध्यात मात्र त्यानंतर नट आरेखनात दिलेल्या कोनातून आणखी फिरवायचा असतो. पहिल्या आवळणीनंतर नट, बोल्टचे टोक आणि प्लेट यांवर मार्करने एकच सरळ रेघ ओढायला लावली, तर पुढचे फिरवणे झाले की नाही हे त्या रेघेच्या सरकण्यावरून दिसते. नट नंतर ढिला झाला, तरी तीच रेघ ते सांगते. वेल्डच्या आतले असे बाहेर आणून दाखवणारे एवढे सोपे साधन मालकाजवळ नाही.

आपल्या शेडमध्ये ६ फ्रेम, प्रत्येकी दोन गुडघे आणि एक माथ्याचा सांधा, प्रत्येकी ८ बोल्ट धरले, तर १४४ बोल्ट होतात. एक माणूस मचाणावरून एका दिवसात ते सगळे पाहू शकतो, आणि चुकीचा सापडलेला बोल्ट दुसऱ्या दिवशी बदलता येतो.

तरीही बोल्टची शेड म्हणजे वेल्डमुक्त शेड नव्हे. राफ्टरची पट्टी ज्या वेल्डने त्या जाड प्लेटला धरलेली असते, तो वेल्ड संपूर्ण फ्रेममधला सर्वांत जबाबदारीचा वेल्ड आहे. फरक इतकाच की तो वर्कशॉपमध्ये, मापाच्या उंचीवर, उलटसुलट करता येणाऱ्या तुकड्यावर पडतो आणि रेड ऑक्साइड लावण्यापूर्वी मालक तो प्रत्यक्ष जाऊन पाहू शकतो. पाहायला गेला नाही, तर बोल्टच्या शेडचा अर्धा फायदा त्याने स्वतःच सोडला असे समजावे.

वारा हा यात विसरून चालणार नाही. शेड हलकी असल्यामुळे जोरदार वाऱ्यात छप्पर खाली दाबले जाण्याऐवजी वर ओढले जाते आणि एरवी ताणात असलेले भाग दाबात, तर दाबात असलेले भाग ताणात जातात. अर्धवट भरलेला वेल्ड म्हणूनच वर्षभर निमूट बसून एका वादळात उघडा पडू शकतो. पुण्यासाठी आयएस ८७५ या भारांच्या भारतीय मानकात मूळ वाऱ्याचा वेग ३९ मीटर प्रति सेकंद आणि मुंबईसाठी ४४ धरलेला आहे. कोकण किनाऱ्यावर बांधणाऱ्याने ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळही ध्यानात ठेवावे.

माझा कल त्यामुळे स्पष्टपणे वर्कशॉपमध्ये वेल्ड आणि जागेवर बोल्ट या पद्धतीकडे आहे. वेल्डची शेड मी एकाच परिस्थितीत निवडेन: जिथे वीज आणि सपाट जागा आहे, ट्रस जमिनीवर जोडून दोन्ही बाजूंनी दाखवायला कारागीर तयार आहे आणि रंग तपासणीनंतरच लागणार आहे. याउलट ट्रस वर चढवून तिथेच उरलेले वेल्ड भरू असे जो म्हणतो, त्याचा दर कितीही कमी असला तरी तो विचारात घेऊ नये.

निवड कोणतीही होवो, वर्क ऑर्डरमध्ये तीन वाक्ये असावीत: वेल्डची मापे आरेखनात लिहिलेली असतील, मालकाने पाहिल्याशिवाय रंग लावला जाणार नाही, आणि बोल्टचे टेस्ट सर्टिफिकेट मालासोबत मिळेल. या तपासणीत मालकाला फक्त नामंजूर करता येते, मंजुरी देता येत नाही. कुठेही चीर दिसली, दोन तुकडे टोकाला टोक जोडून वेल्ड केलेले आढळले किंवा शेडमध्ये क्रेन बसणार असेल, तर स्ट्रक्चरल अभियंत्याला बोलवावे, आणि असे टोकाचे वेल्ड अल्ट्रासॉनिक चाचणीशिवाय घेऊ नयेत.