राउटरला पिंग की बाहेर पिंग?

धरमपेठेतल्या फ्लॅटमध्ये स्पीड टेस्ट ९४ एमबीपीएस दाखवते, तरी टीव्हीवर लाइव्ह मॅच अडकते. स्पीड टेस्ट काही सेकंदच चालते आणि बहुधा एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडते, त्यामुळे मधेच हरवणारी डेटाची पॅकेट्स झाकली जातात. लाइव्ह प्रक्षेपणाचा बफर छोटा असतो, तिथे छोटा खंडही लगेच दिसू शकतो.

हरवणं पकडायला पिंग वापरा: तो छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का आणि किती वेळात, ते मोजतो. लॅपटॉप टीव्हीशेजारी ठेवा, वायफायवरच. मॅच सुरू असताना विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडून एकाच वेळी चालवा (राउटरचा पत्ता `ipconfig` मध्ये Default Gateway समोर दिसतो, वेगळा असेल तर पहिल्या ओळीत तो टाका):

```
ping -n 300 192.168.1.1
ping -n 300 8.8.8.8
```

साधारण पाच मिनिटं लागतात. पहिला पिंग फक्त घरातलं वायफाय तपासतो. तिथेच ३०० पैकी ९ हरवले, म्हणजे ३ टक्के, आणि वेळ २ वरून ४०० मिलिसेकंदांवर उडत असेल, तर कंपनीला फोन करून उपयोग नाही. नागपुरात उन्हाळ्यात राउटर आणि टीव्हीच्या मधे पत्र्याचा कूलर येतो, तो आधी बघा. लॅन केबल लावून पुन्हा मोजा. हरवलेली शून्य आली तर दोष वायफायचाच.

दुसरा पिंग बाहेर गूगलच्या सर्व्हरपर्यंत जातो, म्हणजे घर आणि लाइन दोन्ही मोजतो, म्हणून एकटा वाचला तर फसवतो. केबलवर राउटर शून्य आणि बाहेर ४ टक्के, असं आलं तरच तक्रार करा, स्क्रीनशॉट वेळेसकट द्या. दोन्ही स्वच्छ असूनही अडकत असेल, तर त्या सेवेचा सर्व्हर किंवा टीव्हीचं अॅप तपासायचं.