एलएनए डिशपाशीच का: पावसाळ्यासकट काही महिन्यांच्या वापरानंतर

हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्झ रेषेसाठी लावलेला हा एलएनए, म्हणजे कमी नॉइजचा ॲम्प्लिफायर. गेन २० डीबी, नॉइज फिगर ०.८ डीबी. त्यापुढे ६ डीबी लॉसची कोॲक्स केबल आणि शेवटी रिसीव्हर म्हणून यूएसबी डोंगल, त्याची नॉइज फिगर ६ डीबी धरलीय. एलएनए उत्तमच आहे, पण पैसे वसूल होतात ते तो डिशच्या फीडलगत बसवला तरच.

हिशेब फ्रिसच्या १९४४ मधल्या सूत्राचा:

```
F = F1 + (F2-1)/G1 + (F3-1)/(G1*G2)
```

F म्हणजे नॉइज फिगर, G म्हणजे गेन, आणि १, २, ३ हा फीडपासूनचा क्रम. आकडे डीबीत नव्हे, साध्या पटीत घालायचे. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. एलएनए फीडपाशी असेल तर केबल आणि डोंगलचा नॉइज त्याच्या शंभरपट गेनने भागला जातो. F येतो १.३५, म्हणजे १.३ डीबी. तोच एलएनए खाली डोंगलपाशी लावला की केबल पहिली स्टेज होते. तिचा F जवळपास ४ आणि गेन पाव पट, त्यामुळे एकूण ६.९ डीबी. गेन दोन्हीकडे सारखाच, म्हणून स्क्रीनवर सिग्नलची उंची तीच दिसते आणि माणूस फसतो. वाढलेला असतो तो नॉइज.

बरं, फरक ५.६ डीबीवर थांबत नाही. रिसीव्हरचं नॉइज तापमान पहिल्या जोडणीत सुमारे १०० केल्विन, दुसऱ्यात ११३० च्या आसपास. थंड आकाशाकडे बघणारी डिश स्वतः साधारण ५० केल्विनच आणते. म्हणजे सिग्नल-नॉइज गुणोत्तरात जवळपास ९ डीबीचा फटका.

पडताळणी सोपी आहे. एजीसी बंद करा, गेन एका जागी ठेवा. डिश आधी मोकळ्या आकाशाकडे आणि मग जमिनीकडे वळवा. एलएनए फीडपाशी असेल तर नॉइज पॉवर ४ डीबीने चढायला हवी; डोंगलपाशी असेल तर जेमतेम ०.८ डीबी चढते. जमिनीकडे वळवूनही आकडा हलत नसेल तर आधी केबलमधूनच एलएनएला वीज पुरवणाऱ्या बायस-टीचा व्होल्टेज एलएनएच्या टोकाला मोजा.

पावसाळ्यात बिघडतो तो एलएनए नव्हे, फीड आणि एलएनए यांच्यामधला वीतभर जंपर. कनेक्टरमध्ये पाणी शिरून तिथे १ डीबी लॉस झाला की रिसीव्हरचं तापमान थेट दुप्पट, १०० चं २०० केल्विन. एवढाच लॉस एलएनएनंतरच्या केबलमध्ये वाढला तर दहा-बारा केल्विनचा फरक पडतो. म्हणून सेल्फ-अमल्गमेटिंग टेप आधी या जोडाला, ताणून, खालून वर गुंडाळायची. उरली तर बाकीच्यांना.

फिल्टर एलएनएच्या नंतरच बरा. पण शेजारच्या गच्चीवर मोबाइल टॉवर असेल तर एलएनएच ओव्हरलोड होतो. लक्षण असं की डोंगलचा गेन कितीही उतरवला तरी भलतीच शिखरं जात नाहीत. तेव्हा फिल्टर एलएनएच्या आधी घ्यावाच लागतो, तोही कमी लॉसचा कॅव्हिटी प्रकारचा. ०.५ डीबी लॉस म्हणजे जवळपास ५० केल्विन गेले, पण ओव्हरलोड झालेल्या एलएनएपेक्षा ते परवडतात.