शब्द बदलणं की पुस्तक मिटून लिहिणं?

वर्गाच्या सामायिक सारांशात पुस्तकातला मजकूर स्वतःच्या शब्दांत कसा लिहायचा? उदाहरणासाठी पर्जन्यछायेचा परिच्छेद घेऊ. समजा पुस्तकात असं आहे: ‘बाष्पयुक्त वारे पर्वतामुळे अडवले जाऊन वर चढतात, थंड होतात व वाताभिमुख उतारावर भरपूर पाऊस देतात.’

पहिली रीत, पुस्तक उघडं ठेवून शब्द बदलण्याची. त्यातून येतं: ‘ओलसर वारे डोंगरामुळे रोखले जाऊन वर जातात, गार होतात व वाऱ्याकडील उतारावर पुष्कळ पाऊस पाडतात.’ वाक्याचा सांगाडा आणि क्रम तोच राहिला. खाली पुस्तकाचं नाव घातलं तरी ही नक्कलच, कारण वाक्यरचना आपली आहे असा वाचणाऱ्याचा समज होतो.

दुसरी रीत: परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा, वर्गात न आलेल्या मैत्रिणीला सांगावं तसं लिहा. ‘महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि पूर्वेला पायथ्याशी असलेल्या वाईत त्याहून कितीतरी कमी. ढग घाटमाथ्यावरच बरसतात. पलीकडे उतरणारी हवा तापते, कोरडी होते.’ मग पुस्तक उघडून चुका तपासा. सलग पाच-सहा शब्द जुळले, तर ते वाक्य पुन्हा लिहा. वेळ जास्त लागतो, पण न समजलेली जागा इथेच उघडी पडते. मी हीच रीत निवडेन.

‘पर्जन्यछाया’ हा शब्द मात्र बदलू नका, ती संज्ञा आहे. व्याख्या जशीच्या तशी हवी असेल तर अवतरणचिन्हांत द्या. श्रेय त्याच परिच्छेदाखाली लिहा: पुस्तक, प्रकरण, पान, आणि वाईचं उदाहरण बाईंनी दिलं असेल तर तेही वेगळं नोंदवा.