आकाशातले पट्टे: आधी १० बिटचा टीव्ही घ्यावा की आधी स्रोत सुधारावा?

सूर्यास्तानंतरचे आकाश पडद्यावर एकसलग न दिसता नकाशावरील उंचीच्या रेषांसारखे पट्ट्यापट्ट्यांचे दिसू लागले की पहिला संशय टीव्हीवर जातो. माझाही गेला होता. जुना ८ बिटचा टीव्ही दुसऱ्या खोलीत हलवून मी १० बिटचा, म्हणजे उजळतेच्या अधिक बारीक पायऱ्या दाखवणारा घेतला, तेव्हा पट्टे कमी झाले, पण गेले नाहीत. काही महिन्यांनी, स्ट्रीमिंगऐवजी डिस्कवरून पाहता यावे म्हणून, ब्लू-रे प्लेयर घेतला. या दोन खर्चांपैकी एकच करायचा असेल तर कोणता आधी करावा, एवढ्यापुरताच हा आढावा आहे.

१० बिटची बाजू हिशेबाने भक्कम आहे. व्हिडिओमध्ये ८ बिटला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत १६ ते २३५, म्हणजे २२० पायऱ्या मिळतात. १० बिटला ६४ ते ९४०, म्हणजे ८७७. समजा, ४के पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागात, म्हणजे १०८० ओळींत, आकाशाची उजळता १०० पासून १३० पर्यंत हळूहळू चढते. ८ बिटमध्ये या चढाला ३० च पायऱ्या मिळतात आणि प्रत्येक पायरी ३६ ओळींचा सपाट पट्टा होते. १० बिटमध्ये त्याच चढाला १२० पायऱ्या मिळून पट्टा ९ ओळींवर येतो आणि शेजारच्या पट्ट्यांतील फरकही चौथाई होतो. शिवाय दोन सपाट छटा जिथे भिडतात तिथली कडा आपली दृष्टी मुळापेक्षा ठळक करून दाखवते, त्यामुळे फरक लहान होणे महत्त्वाचे ठरते. झगझगीत उजेड आणि गडद सावली दोन्ही दाखवणाऱ्या एचडीआरमध्ये तर त्याच पायऱ्या कितीतरी मोठ्या उजळतेवर पसरायच्या असल्याने १० बिटला पर्याय नाही, हे मान्य करावे लागेल.

मात्र ८ बिटची उणीव झाकण्याची एक जुनी युक्ती आहे. आकाशातील एखाद्या जागेची खरी उजळता १००.४ असेल, तर तिथले सुमारे ६० टक्के बिंदू १०० वर आणि ४० टक्के १०१ वर विखरून ठेवतात. डोळा त्यांची सरासरी काढतो आणि पट्ट्याची कडा विरघळते. फिल्मचा दाणेदारपणा हेच काम आपोआप करतो.

कॉम्प्रेशन नेमका हाच विखुरलेपणा खाते. एन्कोडर चित्राचे चौकोनी तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यातील बारीक चढउतार ठरावीक मापाने भागून पूर्णांकात बसवतो. एका पायरीएवढा चढउतार त्या मापाहून बराच लहान असला की त्याचे शून्य होते. बिटरेट, म्हणजे सेकंदाला मिळणारी डेटाची जागा, फारच आवळला असेल तर तुकड्याच्या आतला मंद चढही पुसला जातो आणि अख्खा तुकडा एकाच छटेचा होतो. असे तुकडे शेजारी जुळले की फाइल १० बिटची असूनही आकाशात ४-४, ५-५ पायऱ्यांच्या उड्या दिसतात. जे प्रवाहातच उरलेले नाही, ते पॅनेल कुठून आणणार?

माझा निर्णय एका त्रासाने झाला. पट्टे स्थिर असते तर कदाचित सवय झाली असती. पण स्ट्रीमिंगवर ते एकाच जागी राहत नसत. कॅमेरा संथपणे समुद्रावरून सरकत असताना दर काही सेकंदांनी, बहुधा नवी की-फ्रेम, म्हणजे आधीच्या चित्रांवर न विसंबता पूर्ण पाठवलेले चित्र, आली की, सगळ्या आकाशाचे पट्टे एकदम जागा बदलत, आणि मग प्रसंगातल्या माणसांकडे लक्षच जात नसे. तोच चित्रपट साध्या १०८०पी ब्लू-रेवर पाहिला. ही डिस्क ८ बिटचीच असते, पण तिच्यावरील व्हिडिओला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा मिळते. आकाशात दाणे दिसले, पट्टे जवळजवळ नाहीत. दुसऱ्या खोलीतल्या जुन्या टीव्हीवरही तीच डिस्क माझ्या नजरेला नव्या टीव्हीवरील १० बिट स्ट्रीमपेक्षा गुळगुळीत वाटली. अर्थात, ही मोजणी नव्हे, दोन डोळ्यांची साक्ष आहे. शिवाय केसांचा, कापडाचा तपशील स्ट्रीमवरच अधिक रेखीव होता.

नव्या टीव्हीतील पट्टे मिटवणारी सोय कमी पातळीवर ठेवली तर उपयोगी पडते. जास्त केली की ढगांचा पोतही पुसून टाकते. कॉन्ट्रास्ट आपोआप वाढवणारी सोय मात्र बंदच ठेवावी, कारण ती त्याच मोजक्या पायऱ्या ताणून पट्टे उठावदार करते.

ज्यांचे पाहणे प्रामुख्याने एचडीआरमध्ये आहे, त्यांनी टीव्ही आधी घेण्यात चूक नाही. इतरांना मी बिचकतच प्लेयर आधी सुचवेन. त्याआधी तोच प्रसंग, त्याच सेवेवरून, कुणाकडच्या तरी १० बिटच्या टीव्हीवर लावून पाहावा. पट्ट्यांच्या कडा सरळ आणि स्वच्छ नसून चौकोनांच्या जिन्यासारख्या असतील आणि घरच्यासारख्याच त्याच क्षणी उडी मारत असतील, तर ते प्रवाहातूनच येत आहेत.