पीडीएफ कोरी का उघडते, थेट डाउनलोड का होते: क्रोमच्या स्वतःच्या व्ह्यूअरवर काही महिने काम केल्यावर

नागपुरात प्रतापनगरला माझं ऑनलाइन फॉर्म आणि प्रिंटचं दुकान आहे. हॉल तिकीट, फीची पावती, उत्पन्नाचा दाखला, वीजबिल, जे येतं ते सगळं पीडीएफमध्येच येतं. प्रवेशाच्या गर्दीच्या आधी दुकानातल्या दोन्ही कॉम्प्युटरवरून पीडीएफ हाताळणारी सगळी एक्सटेन्शन काढली आणि फक्त क्रोममध्ये मुळातच असलेला व्ह्यूअर ठेवला. दिवाळी होऊन गेली, अजून तोच वापरतो आहे. या कामासाठी तो पुरेसा आहे असं माझं मत झालंय, पण त्याआधी गडबड नेमकी कुठे होते ते कळायला हवं.

कोरा टॅब आणि आपोआप डाउनलोड ही दोन वेगळी दुखणी आहेत. पीडीएफ दाखवायची की उतरवून घ्यायची हे तीन ठिकाणी ठरतं: फाइल पाठवणारा सर्व्हर, ब्राउझरची सेटिंग, आणि मध्ये बसलेलं एखादं एक्सटेन्शन. तिघांपैकी कोण बोलतंय हे ओळखलं की अर्धं काम झालं.

सेटिंगपासून सुरुवात करा, कारण तिथे एकच बटण आहे. अॅड्रेस बारमध्ये हे टाका:

```
chrome://settings/content/pdfDocuments
```

तिथे "Open PDFs in Chrome" आणि "Download PDFs" असे दोन पर्याय दिसतात. दुसरा निवडलेला असेल तर प्रत्येक साइटची प्रत्येक पीडीएफ उतरणारच. कोणीतरी कधीतरी तो बदलून ठेवतो आणि विसरून जातो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हा पर्याय बदलताच येत नसेल, तर तो वरून लावलेल्या पॉलिसीने बंद केलेला असतो. अशा वेळी कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसालाच सांगावं लागतं.

आता खरी डोकेदुखी, कोरा टॅब. जूनमध्ये एक विद्यार्थी फीची पावती काढायला आला. "भाऊ, घरी कोरंच पान येऊन राहिलं, तुमच्याकडे पाहा न जरा," म्हणाला. त्याच्याच लॅपटॉपवर पाहिलं. पावतीचं बटण दाबलं की नवा टॅब उघडायचा आणि पांढराच राहायचा. सेटिंग बरोबर होती. मग त्याला इन्कॉग्निटो विंडो उघडून पुन्हा लॉगिन करायला लावलं आणि तिथून पावती काढली. लगेच दिसली. इन्कॉग्निटोमध्ये एक्सटेन्शन आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत, त्यामुळे तिथे उघडली आणि साध्या विंडोत नाही, तर संशय एक्सटेन्शनवर घ्यावा. फक्त जुन्या टॅबमधली लिंक उचलून इन्कॉग्निटोत चिकटवू नका. तिथे लॉगिन नसतं, त्यामुळे ती चाचणी फसवी निघते.

दोषी कोण हे अॅड्रेस बारनेच सांगितलं. क्रोमचा स्वतःचा व्ह्यूअर फाइल उघडतो तेव्हा वर साइटचाच पत्ता दिसतो. इथे पत्त्याची सुरुवात "chrome-extension://" अशी होती आणि साइटचा पत्ता त्याच्या मागे जोडलेला होता. म्हणजे पीडीएफ दुसऱ्याच व्ह्यूअरने ताब्यात घेतली होती. पीडीएफ वाचायचं सॉफ्टवेअर टाकताना ते एक्सटेन्शन सोबत आलं होतं, आणि आपल्याकडे ते आहे हेही त्या मुलाला ठाऊक नव्हतं.

पण व्ह्यूअर बदलल्याने पान कोरं का व्हावं? अशी एक्सटेन्शन बऱ्याचदा ब्राउझरने आणलेली फाइल थांबवतात आणि त्याच पत्त्यावरून ती पुन्हा मागवतात. साध्या, कायम जागेवर असलेल्या फाइलला याने काही फरक पडत नाही. पावती मात्र बटण दाबल्यावर त्या क्षणी तयार होते, आणि काही पोर्टलवर तिची लिंक एकदाच चालते. दुसऱ्यांदा मागितलं की सर्व्हर रिकामं उत्तर देतो किंवा लॉगिनचं पान पाठवतो. व्ह्यूअरला त्यात पीडीएफ सापडत नाही, म्हणून तो पांढरा पडतो. त्याच मुलाच्या लॅपटॉपवर दुसऱ्या साइटच्या पीडीएफ व्यवस्थित उघडत होत्या, त्यामागचं कारण हेच. "chrome://extensions" मध्ये जाऊन ते एक्सटेन्शन बंद केलं, मूळ पानावर परत जाऊन पावती नव्याने काढली आणि साध्या विंडोतही आली.

डाउनलोड मॅनेजरची खूण वेगळी असते. टॅब कोरा राहतो, पण त्याच वेळी मॅनेजरची छोटी खिडकी वर येते, कारण फाइल त्याने मध्येच पकडलेली असते. तो काढून टाकायची गरज नाही. कोणत्या प्रकारच्या फाइली पकडायच्या याची यादी त्याच्या सेटिंगमध्ये असते, त्यातून PDF खोडलं की पुरे. आणि टॅब उघडतो न उघडतो तोच गायब होत असेल, तर जाहिराती अडवणारं एक्सटेन्शन किंवा क्रोमची पॉप-अपवरची बंदी बघावी. त्या एका साइटपुरती परवानगी द्या, सगळ्या साइटना देऊ नका.

एवढं करूनही एखादीच साइट पीडीएफ दाखवायच्या ऐवजी उतरवत असेल, तर तो सर्व्हरचा हुकूम असू शकतो. लॉगिन न लागणारी फाइल असेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये तिचा पत्ता घालून तपासता येतं:

```
curl -I "https://example.org/form.pdf"
```

उत्तरात "content-disposition: attachment" असं दिसलं, तर साइटनेच ती उतरवायला सांगितली आहे आणि क्रोमची सेटिंग तिथे चालत नाही. "content-type" पुढे "application/pdf" ऐवजी "application/octet-stream" असेल तरी हेच होतं. अशा वेळी उतरलेली फाइल ओढून क्रोमच्या विंडोत टाकावी, ती तिथेच उघडते. फायरफॉक्स अशी फाइल उतरवून मग आपणच टॅबमध्ये उघडून दाखवतो, ही त्याची सोय मला आवडते.

या सगळ्याचा मी इतका आग्रह धरतो, कारण दुकानातल्या कॉम्प्युटरवर आपोआप डाउनलोड म्हणजे अनोळखी लोकांचं आधार आणि बँकेचं स्टेटमेंट Downloads फोल्डरमध्ये साचत जाणं. टॅबमध्ये उघडून थेट प्रिंट दिली की तिथे प्रत राहत नाही. सर्व्हरच्या हुकमाने उतरलेल्या फाइली मी गिऱ्हाईक समोर असतानाच पुसतो, रिसायकल बिनसकट.

व्ह्यूअर कुठे कमी पडतो तेही सांगतो. दाखल्यावरची डिजिटल सही तो तपासत नाही. सहीच्या जागी "Signature not verified" असं छापून आलं, तर गिऱ्हाईक दाखला खोटा समजून घाबरतं. ती सही कॉम्प्युटरवरच्या अॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडून तपासावी लागते, त्यामुळे तो रीडर मी ठेवलाय, फक्त त्याचं एक्सटेन्शन ब्राउझरमध्ये घेतलेलं नाही. दुसरं म्हणजे XFA प्रकारचे जुने भरायचे फॉर्म. ते क्रोममध्ये उघडले की फॉर्मच्या जागी "Please wait..." असं एकच पान दिसतं, आणि कितीही थांबलं तरी पुढे काही येत नाही. फाइल खराब नसते. फायरफॉक्सच्या 93 व्या आवृत्तीपासून त्याचा व्ह्यूअर असे फॉर्म दाखवतो, म्हणून त्यांच्यासाठी दुसऱ्या कॉम्प्युटरवर फायरफॉक्सही टाकून ठेवलाय.