गर्भनिरोधक इंजेक्शन वर्षभर घेतल्यानंतर: पाळीचं नेमकं काय होतं

तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं डीएमपीए हे इंजेक्शन मी वर्षाहून जास्त काळ घेतेय. माझ्या नणंदेने त्याच सुमारास दंडात इम्प्लांट, म्हणजे कातडीखाली राहणारी हार्मोनची कांडी, बसवून घेतलं, त्यामुळे दोन्ही साधनं घरातच जवळून बघायला मिळाली. गर्भ राहू न देण्याचं काम दोन्ही चोख करतात, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. लिहायचंय ते रक्तस्रावाबद्दल. बायका ही साधनं मध्येच सोडतात त्याचं मोठं कारण तेच असतं, आणि आधी नीट समजावलेलं असेल तर ते सोसणं पुष्कळ सोपं जातं.

सुरू करण्याआधी नर्स आमच्याशी बराच वेळ बोलल्या. प्रश्न साधे वाटले, पण प्रत्येकामागे कारण होतं. कारण न कळता अंगावरून रक्त जातंय का? जात असेल तर आधी त्याचा तपास, कारण साधन सुरू केल्यावर मूळ दुखणं झाकलं जातं. स्तनाचा कर्करोग आहे का, किंवा कधी झाला होता का? रक्तदाब किती? बाळंतपण झालं असेल तर बाळ किती दिवसांचं आहे? अंगावर पाजणाऱ्या आईला हे इंजेक्शन सहसा सहा आठवड्यांनंतर देतात. रोजची कुठली औषधं चालू आहेत? या शेवटच्या प्रश्नावर माझा निर्णय ठरला. मला फिट येऊ नये म्हणून कार्बामाझेपिन चालू आहे. या गोळीमुळे यकृत हार्मोन लवकर मोडून टाकतं, आणि इम्प्लांटमधून रोज अगदी थोडंच हार्मोन सुटत असल्याने त्याचा भरवसा कमी होतो. इंजेक्शनचा डोस मोठा असतो, त्याला या गोळीने फरक पडत नाही. टीबीसाठी रिफाम्पिसिन घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

नणंदेच्या बाबतीत दुसरा प्रश्न निर्णायक ठरला: पुढचं मूल कधी हवंय? तिला दोनेक वर्षांत हवं होतं. इंजेक्शन बंद केल्यावर बीज पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. शेवटच्या इंजेक्शनपासून दिवस राहायला सरासरी दहा महिने जातात, काहींना त्याहून जास्त. कायमचं वांझपण येत नाही, पण ज्यांना लवकर मूल हवंय त्यांनी हे आधी ऐकलेलं असावं. इम्प्लांट काढलं की शरीर लगेच पूर्ववत व्हायला लागतं. म्हणून तिने एटोनोजेस्ट्रेल या हार्मोनची एक कांडी बसवली. ती काडेपेटीतल्या काडीएवढी, साधारण 4 सेंटिमीटर लांब असते. जागा बधिर करून दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली सरकवतात. बसवल्यावर ती बोटाला लागते ना, हे डॉक्टरांनी तिला स्वतःला चाचपून बघायला लावलं. कांडी हाताला लागत नसेल तर ती जागेवर आहे की नाही याची खात्री होईपर्यंत दुसरं साधन वापरावं लागतं.

आता रक्तस्राव. दोन्हींमध्ये फक्त प्रोजेस्टिन हे हार्मोन असतं, इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन नसतं. प्रोजेस्टिनमुळे मेंदूकडून बीज सुटण्याचा इशाराच येत नाही आणि गर्भाशयाच्या तोंडाचा स्राव इतका घट्ट होतो की शुक्राणू आत जाऊ शकत नाहीत. तिसरा परिणाम गर्भाशयाच्या अस्तरावर होतो, आणि पाळीचा सगळा घोळ तिथे आहे. नेहमीच्या महिन्यात अस्तर जाड होतं, मग हार्मोन एकदम उतरतं आणि सगळं अस्तर एकाच वेळी गळतं, ती पाळी. इथे हार्मोन एकदम उतरतच नाही. अस्तर पातळ राहतं, त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात आणि कधी इथून तर कधी तिथून झिरपतात. म्हणून आधी अवेळी डाग पडतात. इंजेक्शन घेत राहिलं की अस्तर इतकं पातळ होतं की गळायला काही उरतच नाही, आणि पाळी थांबते. वर्षाच्या शेवटी साधारण निम्म्या बायकांची पाळी बंद झालेली असते. रक्त आत साठून राहतं ही भीती माझ्या सासूबाईंनाही होती. नर्सनी त्यांना समोर बसवून हेच सांगितलं: तयारच झालं नाही, ते साठेल कुठे?

माझं तसंच झालं. पहिल्या इंजेक्शननंतर काही आठवडे काहीच नाही, मग तपकिरी डाग, मग थोडं थोडं रक्त बरेच दिवस. पॅड भिजत नव्हतं, पण रोज लावावं लागत होतं, आणि त्याचा वैताग खरा असतो. मी जाऊन दाखवलं. गर्भ नाही ना, जंतुसंसर्ग नाही ना, हे बघितलं आणि वाट पाहायला सांगितलं. दुसऱ्या इंजेक्शननंतर डाग विरळ झाले, पुढे पाळी थांबली. आता जाणवतो तो आरामच.

नणंदेचं वेगळं. इम्प्लांटमध्ये असा एक रस्ता नसतो. पाचातल्या एकीची पाळी बंद होते, बऱ्याच जणींना क्वचित येते, आणि साधारण पाच-सहा जणींमध्ये एकीला लांबलेला रक्तस्राव होतो. पहिले तीन महिने कसे जातात त्यावरून पुढचा थोडा अंदाज येतो, पण सुरुवात त्रासदायक झालेल्यांपैकीही पुष्कळ जणींचं पुढे सुधारतं. तिचं लांबलं तेव्हा डॉक्टरांनी आयबुप्रोफेन 800 मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर, पाच दिवस दिलं. त्याने तेवढ्यापुरतं थांबलं, काही आठवड्यांनी पुन्हा डाग आले. हा उपाय साधनाची घडी बसेपर्यंत दिलासा देतो, एवढीच त्याची मर्यादा. आम्लपित्त किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ही गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये.

नेहमीच्या दुप्पट रक्त जात असेल, आठ दिवसांहून जास्त लांबत असेल आणि त्रास होत असेल, संबंधानंतर रक्त येत असेल, दुर्गंधीचा स्राव किंवा पोटात जोराची कळ असेल, तर ‘साधनामुळेच असेल’ म्हणून घरी बसू नये. पाळी महिनोन्‌महिने बंद राहून अचानक दुखून रक्त आलं तर तेही दाखवावं.

इंजेक्शनची तारीख 13 आठवड्यांची असते. दोन आठवडे आधी चालतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार चार आठवड्यांपर्यंत उशीर झाला तरी घेता येतं, पण मी तिथपर्यंत ताणत नाही. टोचलेली जागा चोळायची नाही, नाहीतर औषध लवकर शोषलं जातं. माझं वजन थोडं वाढलं. वर्षाला सरासरी एक-दोन किलो वाढू शकतं हे आधी सांगितलेलं होतं.

हाडांचा विषय मात्र मी सोडून देणार नाही. इंजेक्शन चालू असताना हाडांची घनता थोडी कमी होते, बंद केल्यावर बरीचशी भरून येते. पण फिटच्या गोळ्याही हाडांवर परिणाम करतात. म्हणून डॉक्टरांनी ड जीवनसत्त्व तपासून घेतलं, आणि दोन वर्षं झाली की हेच चालू ठेवायचं की तांबी बसवायची, यावर पुन्हा बोलायचं ठरलंय. तांबीत हार्मोन नसतं, त्यामुळे माझी गोळी तिच्या आड येत नाही.